फुकट स्कोअर, आणि त्याखालची टिचकी

विजेचं बिल भरायला उघडलेल्या अ‍ॅपमध्ये मधेच एक रंगीत पट्टी सरकते: तुमचा क्रेडिट स्कोअर पाहा, अगदी मोफत. नाव आणि मोबाइल नंबर आधीच भरलेला असतो. आपण पॅन टाकतो, खालच्या चौकोनात टिचकी मारतो, ओटीपी देतो आणि अर्धगोलातला काटा सातशेच्या पुढे जाऊन थांबतो. खिशातून एक रुपयाही जात नाही. त्या चौकोनाशेजारच्या बारीक ओळी मात्र कोणी वाचत नाही. त्या वाचल्याशिवाय आपण काय दिलं ते कळत नाही, आणि पुढे परत काय मागायचं तेही कळत नाही.

आधी हा अहवाल असतो कुठे, ते पाहू. आपल्या देशात रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या चार पतमाहिती कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बोलताना आपण चौघींनाही ‘सिबिल’च म्हणतो. आपलं प्रत्येक कर्ज, क्रेडिट कार्ड, चुकलेला हप्ता यांची नोंद बँका आणि वित्तसंस्था या चौघींकडे पाठवतात. ही माहिती कोणी पाहायची याला २००५ च्या पतमाहिती कंपनी कायद्याची चौकट आहे. अधिकार नसताना ती पाहणाऱ्याला एका गुन्ह्यासाठी एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मग बिल भरण्याच्या अ‍ॅपला हा अधिकार कुठून आला? ते तर बँक नाही. उत्तर त्या बारीक ओळींत आहे. स्वतःचा अहवाल मागण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि अ‍ॅप आपल्याच हक्काचा आधार घेतं. ‘मी या कंपनीला माझा अधिकृत प्रतिनिधी नेमतो आणि माझा अहवाल तिच्याकडे देण्यास संमती देतो’ अशा आशयाचं वाक्य तिथे असतं. २०२१ च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने नियम बदलून दुसरीही वाट ठेवली. कर्ज देणाऱ्या संस्थांसाठी माहितीवर प्रक्रिया करणाऱ्या, ठराविक निकषांत बसणाऱ्या कंपन्यांना आता अहवाल पाहण्याची थेट परवानगी मिळू शकते. तुमचं अ‍ॅप कोणत्या वाटेने आलं आहे, ते अटींमध्ये लिहिलेलं असतं.

एका टिचकीत तीन होकार

प्रतिनिधी नेमण्याचा होकार हा फक्त पहिला. त्याच परिच्छेदात बहुधा आणखी दोन होकार बसवलेले असतात. एक, तुमचा अहवाल आमच्या भागीदार कर्जसंस्थांना दाखवून तुमच्यासाठी प्रस्ताव आणू. दोन, त्यासाठी फोन, एसएमएस, व्हॉट्सअ‍ॅप करू, तुम्ही ‘डीएनडी’त नाव नोंदवलेलं असलं तरी. तीन वेगळ्या गोष्टी, चौकोन मात्र एकच. कधी कधी टिचकी आधीच मारलेली असते. असं अ‍ॅप मी तरी त्याच क्षणी बंद करेन, कारण जिथे होकारसुद्धा तेच आपल्या वतीने देऊन टाकतात तिथे पुढे बरं काही निघणार नाही.

या ओळींत मुदत शोधा. काही अटींमध्ये ठराविक महिने लिहिलेले असतात, काहींमध्ये ‘तुम्ही संमती मागे घेईपर्यंत’ असं असतं, आणि ‘वेळोवेळी’ हा शब्द तर जवळपास सगळीकडे. दर महिन्याला ‘तुमचा स्कोअर अद्ययावत झाला’ असा संदेश येत असेल, तर त्या अ‍ॅपने तुमचा अहवाल पुन्हा मागवला आहे असं समजा. तुम्ही ते अ‍ॅप सहा महिन्यांत उघडलं नसेल तरीही.

या मोफत सेवेचा खर्च कंपनी कुठून काढते? पतमाहिती कंपनीला तिला पैसे मोजावे लागतात. ते वसूल होतात कर्जाच्या प्रस्तावांतून. तुम्ही कर्ज घेतलं की कर्जसंस्था अ‍ॅपला दलाली देते. तुमचा स्कोअर, चालू हप्ते, कार्डाची मर्यादा आणि थकबाकी हे सगळं पाहून कोणाला कोणतं कर्ज दाखवायचं ते ठरतं. यात बेकायदा काही नाही. पण मोफत या शब्दामागचा हिशेब असा आहे.

अ‍ॅपशिवाय किती खर्च येतो?

शून्य. रिझर्व्ह बँकेच्या २०१६ च्या आदेशानुसार, १ जानेवारी २०१७ पासून चारही कंपन्यांनी प्रत्येक व्यक्तीला दर कॅलेंडर वर्षात एक संपूर्ण अहवाल मोफत द्यायचा आहे. ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने हेही बजावलं की त्यात स्कोअर असावा आणि मोफत अहवालाची लिंक संकेतस्थळावर ठळक दिसावी. म्हणजे वर्षाला चार अहवाल. जानेवारीत एक, एप्रिलमध्ये दुसरा, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये उरलेले दोन, असं वाटून घेतलं तर दर तीन महिन्यांनी स्वतःच्या नोंदींवर नजर राहते आणि कोणालाही प्रतिनिधी नेमावं लागत नाही. चौघींचे स्कोअर तंतोतंत सारखे नसतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, प्रत्येकीचं गणित वेगळं आहे.

पैसे जातात ते वारंवार पाहण्याच्या वर्गणीत. सिबिलच्या सशुल्क योजनांचे दर गेली काही वर्षं एका महिन्याला ५५०, सहा महिन्यांना ८०० आणि वर्षाला १,२०० रुपये असे राहिले आहेत. घेण्याआधी चालू दर पाहून घ्या. महिन्याभरात गृहकर्ज घ्यायचं आहे आणि अहवालातली चूक दुरुस्त होतेय का ते सतत पाहायचं आहे, अशा वेळी महिन्याची वर्गणी एकदा भरणं समजू शकतो. एरवी गरज नाही. संकेतस्थळावर सशुल्क योजनांची पानं डोळ्यांसमोर आधी येतात, मोफतची लिंक जरा शोधावी लागते. आणि तिथेही ‘कर्जाचे प्रस्ताव पाठवा’ अशा अर्थाचा वेगळा चौकोन दिसला तर तो रिकामा ठेवायचा.

एका प्रकरणाची उकल

कल्पित, पण नेहमी घडतं तसं एक उदाहरण घेऊ. नाशिकमधल्या एक शिक्षिका. फेब्रुवारीत त्यांनी बिल भरण्याच्या अ‍ॅपवर मोफत स्कोअर पाहिला. काट्याच्या खालीच ‘३ लाखांपर्यंत कर्ज मंजूर’ अशी पट्टी होती. कर्ज नकोच होतं. किती मिळतंय ते पाहू, म्हणून दाबलं. पगार, नोकरीचं ठिकाण, पुन्हा एक टिचकी, पुन्हा ओटीपी. पान पुढे सरकलं, तेव्हा त्यांनी अ‍ॅप बंद केलं. आठवडाभर फोन येत राहिले. मे महिन्यात गृहकर्जाचा अर्ज दिला तेव्हा बँकेतल्या अधिकाऱ्याने विचारलं, ‘मॅडम, फेब्रुवारीत तीन ठिकाणी पर्सनल लोन मागितलं होतं का?’

त्यांनी मागितलं नव्हतं, पण अहवालात तसं दिसत होतं. का, ते नीट समजून घ्यायला हवं. पहिल्या टिचकीने अ‍ॅपने प्रतिनिधी म्हणून अहवाल आणला. असा अहवाल म्हणजे आपण स्वतः पाहिल्यासारखाच. त्याने स्कोअर कमी होत नाही आणि तो इतर बँकांना दिसत नाही. ‘स्कोअर पाहिला की कमी होतो’ हा समज इथे चुकीचा ठरतो. दुसऱ्या टिचकीने मात्र कर्जाचा अर्ज गेला, तोही एकाला नाही, तीन संस्थांना. प्रत्येक संस्थेने स्वतःच्या नावाने अहवाल मागवला, आणि अशी प्रत्येक मागणी चौकशी म्हणून नोंदली जाते. थोड्या दिवसांत अशा अनेक चौकशा दिसल्या तर स्कोअरवर थोडा परिणाम होतो. त्याहून मोठा त्रास म्हणजे बँकेला वाटतं, ही व्यक्ती पैशांसाठी दारोदार फिरतेय.

शिक्षिकेने मग चारही मोफत अहवाल काढले. चारही एकदम काढावेत अशी वेळ क्वचितच येते, ती ही. प्रत्येक अहवालाच्या शेवटाकडे चौकशांचा भाग असतो. त्यात संस्थेचं नाव, तारीख, कशासाठी आणि किती रकमेसाठी, हे सगळं असतं. दोन अहवालांत मिळून तिन्ही नावं सापडली. कोणाला लिहायचं ते ठरलं: अ‍ॅपची कंपनी आणि या तीन संस्था. यापुढे कोणी अहवाल मागवला तर पतमाहिती कंपनीने तुम्हाला एसएमएस किंवा ईमेलने कळवायचं, हाही २०२३ च्या परिपत्रकातला नियम आहे. अट एवढीच की तुमचा सध्याचा मोबाइल नंबर तिच्या नोंदीत हवा. जुन्या कर्जासोबत बंद पडलेला नंबर तिथे राहिला असेल तर सूचना त्याच नंबरवर जात राहील. त्यामुळे अहवाल हाती आला की पहिल्या पानावरचा नंबर पाहा.

संमती परत कशी घ्यायची

बहुतेक जण वैतागून अ‍ॅप काढून टाकतात आणि काम झालं असं समजतात. फोनवरून अ‍ॅप गेलं तरी कंपनीकडचं खातं, अहवाल आणि संमती तशीच राहते. उलट आपल्या हातची वाट जाते. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी अ‍ॅपमध्ये जाऊन प्रोफाइलचं पान, स्कोअर कोणत्या तारखेला आणला ते, आणि अटींचा तो परिच्छेद, यांचे स्क्रीनशॉट घ्या. मग सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी किंवा क्रेडिट स्कोअर या भागात Manage Consent किंवा Revoke Consent असं काही आहे का ते पाहा. बटण असेल तर दाबा आणि दाबल्यानंतरच्या पानाचाही स्क्रीनशॉट ठेवा. तक्रार कक्षाशी गप्पांच्या खिडकीत बोलणं झालं तर ते मजकूर म्हणून जपा, पण त्यावर विसंबू नका.

बटण असो वा नसो, लेखी पाठवायचंच. याला कारण आहे. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत म्हटलं आहे की दिलेली संमती कधीही मागे घेता येते आणि ती लेखी कळवायची असते. शिवाय कंपनीने तक्रार अधिकारी नेमून महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. या अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल अ‍ॅपच्या गोपनीयता धोरणाच्या तळाशी सापडतं. नोंदणी केलेल्या ईमेलवरूनच पाठवा, नाहीतर ‘ओळख पटली नाही’ म्हणून आठवडा जातो. मजकूर साधा असू द्या:

‘मी माझ्या नोंदणीकृत मोबाइल क्रमांकावरून आपल्या अ‍ॅपवर अमुक तारखेला माझा क्रेडिट अहवाल मागवण्याची संमती दिली होती. ती मी आजपासून मागे घेत आहे. माझे अधिकृत प्रतिनिधी म्हणून आपली नेमणूक रद्द समजावी. यापुढे कोणत्याही पतमाहिती कंपनीकडून माझा अहवाल मागवू नये. आजवर मागवलेले अहवाल आणि त्यांवरून काढलेली माहिती पुसून टाकावी. कायद्याने काही ठेवणं बंधनकारक असेल तर काय, कोणत्या नियमाखाली आणि किती काळ, ते लिहून कळवावं. माझा अहवाल किंवा माहिती ज्या कर्जसंस्थांना दिली, त्यांची नावं आणि तारखा द्याव्यात. प्रस्तावांसाठी फोन, एसएमएस आणि व्हॉट्सअ‍ॅप करण्याची संमतीही मागे घेत आहे.’

खाली नाव आणि तारीख. पॅनची शेवटची चार अक्षरं-अंक पुरतात, पूर्ण पॅन किंवा आधारची प्रत जोडायचं काहीच कारण नाही. माहिती पुसायला सांगताना आणखी कागद द्यायचे, हा उलटा व्यवहार झाला. पत्रातलं ‘नावं आणि तारखा द्याव्यात’ हे वाक्य गाळू नका. त्याच्या उत्तरावरून पुढची तीन पत्रं लिहायची असतात. उत्तर आल्यावर, आणि आल्यावरच, अ‍ॅपमधून खातं बंद करा आणि मग अ‍ॅप काढा.

फोनचा ससेमिरा वेगळ्या वाटेने थांबवावा लागतो. १९०९ या क्रमांकावर START 0 असा एसएमएस पाठवला की सर्व जाहिरातींसाठी मनाई नोंदवली जाते. अ‍ॅपला दिलेला होकार त्या मनाईला छेद देतो, म्हणून आधी पत्र आणि मग हा एसएमएस.

कोणाचा कायदा, कोणाकडे दाद

इथे एक फरक लक्षात ठेवावा लागतो. अ‍ॅप कर्ज देणाऱ्या बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या वतीने ग्राहक आणत असेल, तर त्याला रिझर्व्ह बँकेचे डिजिटल कर्जाचे नियम लागू होतात. हे नियम सप्टेंबर २०२२ मध्ये आले आणि मे २०२५ मध्ये सुधारून निघाले. त्यांत स्पष्ट आहे की संमती देणं, नाकारणं, दिलेली मागे घेणं आणि माहिती पुसायला लावणं हे सगळं ग्राहकाला करता आलं पाहिजे. अशा अ‍ॅपने तुमच्या फोनमधली संपर्कांची यादी, कॉलची नोंद, फोटो मागायचेच नाहीत, हेही त्यात आहे. अ‍ॅपच्या वागण्याची जबाबदारी त्यामागच्या कर्जसंस्थेवर येते.

त्यामुळे तक्रार करताना निशाणा अ‍ॅपपेक्षा कर्जसंस्थेवर ठेवलेला बरा. रिझर्व्ह बँकेचा लोकपाल बँका, बऱ्याच वित्तसंस्था आणि सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्या यांच्याविरुद्धची तक्रार ऐकतो. अ‍ॅपच्या कंपनीवर त्याची थेट सत्ता नाही. पण तिच्यामार्फत ज्या संस्थेने तुमचा अहवाल उघडला, तिच्यावर आहे. संस्थेला लेखी तक्रार, ३० दिवस वाट, उत्तर नाही किंवा पटणारं नाही तर cms.rbi.org.in वर अर्ज. शुल्क नाही, वकील नको. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

केवळ स्कोअर दाखवणारं, कर्जाशी संबंध नसलेलं अ‍ॅप असेल तर मुख्य आधार २०११ च्या त्या नियमांचाच. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा याहून भक्कम आहे. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असावं, असं तो म्हणतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण ग्राहकाच्या हक्कांच्या मुख्य तरतुदींसाठी कंपन्यांना १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे त्या मे २०२७ च्या सुमारास लागू होतील. तोवर या कायद्याचा दाखला पत्रात दिला तर चालेल, पण सारी भिस्त त्यावर नको.

काय परत घेता येत नाही

तुमचं कर्ज किंवा कार्ड चालू असेल तर ती बँक त्याची नोंद चारही कंपन्यांकडे पाठवतच राहणार. त्यासाठी तुमच्या संमतीचा प्रश्न येत नाही, आणि ‘मी संमती मागे घेतली, आता थकबाकी दिसायला नको’ हे चालत नाही. कर्ज घेतलेलं असेल तर कर्जसंस्था ओळखीची कागदपत्रं व्यवहार संपल्यावरही पाच वर्षं ठेवते, कारण काळा पैसा रोखण्याच्या कायद्याने ती ठेवावीच लागतात. अर्ज चालू असताना संमती मागे घेतली तर अर्ज तिथेच थांबतो. आणि होऊन गेलेली चौकशी, ती खरोखर तुमच्या होकाराने झाली असेल तर, पुसली जात नाही.

होकाराशिवाय झाली असेल तर पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर त्या नोंदीविरुद्ध वाद नोंदवता येतो. ती कंपनी स्वतःहून नोंद बदलू शकत नाही. ज्या संस्थेने चौकशी केली तिला विचारते, आणि संस्थेने चूक मान्य केली तर नोंद निघते. नोंदीतल्या दुरुस्तीची अशी तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. १० जूनला तक्रार, १० जुलैला ३० दिवस पूर्ण, निकाल २५ जुलैला, तर १,५०० रुपये. कर्जसंस्थेने २१ दिवसांत उत्तर दिलं नसेल तर ही भरपाई ती देते. तिने वेळेत उत्तर दिलं आणि पतमाहिती कंपनीने रेंगाळवलं तर पतमाहिती कंपनी. तक्रार नोंदवताना बँक खात्याचा तपशील मागतात तो याचसाठी.

जाता जाता एक घोटाळा दूर करून टाकू. बँकेचं स्टेटमेंट देण्यासाठी अकाउंट अ‍ॅग्रीगेटरमार्फत जी संमती मागतात, ती वेगळी. तिथे कोणती माहिती, किती काळ, किती वेळा हे एका पानावर दिसतं आणि त्याच अ‍ॅपमध्ये ती बंद करता येते. क्रेडिट अहवालाची संमती त्या यादीत सहसा दिसणार नाही. तिथे सगळं बंद केलं म्हणजे स्कोअरचंही बंद झालं, असं धरून चालू नका.

नाशिकच्या प्रकरणात पत्रांची उत्तरं साधारण अशी येतात. अ‍ॅपची कंपनी संमती रद्द केल्याचं कळवते आणि तीन संस्थांची नावं देते. दोन संस्था फेब्रुवारीतल्या दुसऱ्या ओटीपीची वेळ दाखवतात. म्हणजे होकार होता, चौकशी राहणार. तिसरीकडे ओटीपीची नोंदच नसते आणि वाद नोंदवल्यावर ती नोंद निघते. उरलेल्या दोन्ही संस्थांकडून ‘अर्ज पूर्ण झाला नाही, कर्ज दिलेलं नाही’ एवढं ईमेलवर मागून घ्यायचं. गृहकर्जाच्या फाइलला ते दोन ईमेल जोडले की बँकेच्या अधिकाऱ्याला हवं असलेलं उत्तर कागदावर येतं.